माझं सर्टिफिकेट, बाबांच्या चाव्या

मुलुंडला आमचं मेडिकलचं दुकान आहे. स्टेशनपासून चालत येण्यासारखं, दोन जुन्या सोसायट्यांच्या मध्ये एकच गाळा. गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन फ्रेम लटकतात. एकीत दुकानाचं लायसन्स, बाबांच्या नावाचं. दुसरीत माझं फार्मासिस्टचं नोंदणी सर्टिफिकेट. त्यावरच्या फोटोत मी नुकतीच डिप्लोमा पास झालेली, डोळे विस्फारून कॅमेऱ्याकडे बघत असलेली मुलगी आहे. गिऱ्हाईक नसलं की माझी नजर तिच्याकडे जाते. ती चांगली तरुण आहे आणि तिला काहीच कल्पना नाही.

बाबा फार्मासिस्ट नाहीत. सिंधुदुर्गातून आलेल्या गिरणी कामगाराचा मुलगा. ते औषधांच्या होलसेलरकडे आधी पार्सलं बांधायला, मग ऑर्डरी घ्यायला राहिले आणि त्यातूनच हे दुकान उभं केलं. मालक कोणीही असू शकतो, पण औषधं विकायची तर नोंदणी झालेला फार्मासिस्ट दुकानात हजर असावा लागतो. त्याचं नाव लायसन्सवर चढतं आणि ते एकाच दुकानावर राहू शकतं. माझ्या लहानपणी पगारी फार्मासिस्ट यायचे आणि जायचे. कोणी लग्न करून गेली, कोणाला कंपनीत नोकरी लागली. एक जण सोडून गेला की नवा मिळेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आई देवापुढे दिवा लावताना पुटपुटायची, "एक फार्मासिस्ट दे रे बाबा." देवाने शेवटी तिच्या पोटीच दिली, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचे.

मी एकुलती एक. बारावीला मला मायक्रोबायोलॉजी करायचं होतं, पण त्यासाठी कोणाशी भांडायला लागलं नाही, कारण तसा विषयच निघाला नाही. बाबांनी फार्मसीचा फॉर्म आणला होता, मी सही केली. वाईट वाटल्याचं आठवत नाही. उलट दुकान आपलं होणार, या विचाराने मी खूश होते. मनातल्या मनात मी तेव्हाच दुकानातली रॅक हलवायला लागले होते.

बाबांनी मला तयार करायला घेतलं ते फार मन लावून. याबाबतीत त्यांच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्स्पायरीचा छाप असलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं, दुसऱ्या टोकाकडून गोळ्या द्यायच्या. नवा माल आला की मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा. इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवायचं नाही, दार सारखं उघडतं आणि गारवा टिकत नाही. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, फोन करायचा. फोन लागला नाही तर माणसाला परत पाठवायचं, त्याने कितीही आरडाओरडा केला तरी. "शिव्या खाल्लेल्या चालतील," बाबा म्हणायचे, "चुकीची गोळी गेलेली चालत नाही." हे मला कॉलेजमध्येही शिकवलं होतं, पण कॉलेजमधलं परीक्षेपुरतं होतं. बाबांचं अंगात मुरलं.

फक्त या शिकण्याला शेवट नव्हता. माझं लग्न झालं, मी पलीकडच्या गल्लीत राहायला गेले. नवरा बँकेत. सासूबाई शांत. लग्नाआधीच बाबांनी जावयाला विचारलं होतं, "ही दुकानात येत राहील ना?" त्याने हो म्हटलं. मला कोणी विचारलं नाही, पण मीही हो म्हटलं असतं. वर्षं गेली. माझे केस पांढरे व्हायला लागले. आणि चाव्या बाबांच्या पॅण्टच्या उजव्या खिशात. शटरची, गल्ल्याची आणि कोपऱ्यातल्या लहान लोखंडी कपाटाची. त्या कपाटात झोपेच्या गोळ्या आणि तसली सांभाळून द्यायची औषधं असतात. कायद्याने त्याची जबाबदारी माझी. कोणी तशी चिठ्ठी घेऊन आलं की मी चिठ्ठी तपासायची, डॉक्टरचा नंबर बघायचा, तारीख बघायची आणि मग वळून म्हणायचं, "बाबा, चावी." बाबा माझ्या हातातून चिठ्ठी घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मी सुट्टीत मदतीला आलेली भाची आहे.

मी सॉफ्टवेअर आणलं, कारण रॅक कंपनीप्रमाणे लावलेली होती आणि कुठलं औषध कुठल्या कंपनीचं हे फक्त बाबांच्या डोक्यात होतं. बाबांनी सॉफ्टवेअरला विरोध केला नाही. "हां, हां, घाल तू सगळं कम्प्युटरात," म्हणाले. मी सगळा स्टॉक भरला. त्यानंतर ते दुपारी स्टॉकिस्टला फोन करून पूर्वीसारखीच तोंडी ऑर्डर द्यायचे. मी ॲपवरून केलेली ऑर्डर आणि त्यांची फोनवरची, दोन्ही येऊन पडायच्या. डिलिव्हरीवाला विचारायचा, "साहेब, दोन्ही ठेवू?" बाबा त्यांची ठेवायचे. माझी परत जायची.

"बाबा, मला सांगा तरी, मी ऑर्डर करू का नको?"

"कर ना. शिकायला पाहिजेच तुला."

"मी शिकले, बाबा. चाळीशी आली माझी."

"कोण म्हणतो नाय शिकलीस? पण अजून थोडं बघ. सीझन जाऊ दे."

पावसाळा म्हणजे तापाचा सीझन. तो जायचा, मग दिवाळी यायची, मग थंडीत खोकल्याचा सीझन. कुठला ना कुठला सीझन चालूच असायचा.

मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. गुडघा बदलायचा होता, नंतर बरेच दिवस घरात. आई धास्तावली होती. मीही होते. पण खोटं कशाला बोलू, हॉस्पिटलच्या खोलीत त्यांच्या पायाशी बसलेली असताना माझ्या मनात दुकानाची मांडणी चालली होती. आता चाव्या माझ्याकडे येतील. येणारच, दुसरं कोण आहे?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी पॅण्ट बदलून हॉस्पिटलचे कपडे घातले. खिशातला जुडगा काढला आणि आईच्या हातात दिला.

"तू सकाळी उघडून देत जा हिला. संध्याकाळी बंद करायला जा."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. जुडगा पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

आई रोज सकाळी पर्स काखेत घेऊन येऊ लागली. कुलूप काढायची, मी शटर वर करायचे, ती गल्ला उघडून स्टुलावर बसायची. मध्ये बाबांचं बघायला पर्ससकट घरी जाऊन यायची. दुपारी जेवायच्या सुट्टीत बंद करून जायची, संध्याकाळी पुन्हा यायची. कपाटाची चावी आता मी तिच्याकडे मागायचे. तिला औषधांतलं ओ की ठो कळत नाही, पण तीसुद्धा चिठ्ठी हातात घेऊन दोन क्षण बघायची. बाबांनी सांगितलं होतं म्हणून.

"आई, एक जुडगा करून दे ना मला. समोरचा चावीवाला लगेच देईल."

"त्यांना विचारते."

"तुला काय वाटतं ते सांग."

"मला काय वाटायचंय गं. ते बरे होऊ देत आधी."

तरीही ते दिवस मला थोडे मोकळे गेले. मी एका बाजूची रॅक उतरवली आणि औषधं अक्षरांप्रमाणे लावायला घेतली. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायला येणाऱ्यांना नाही म्हणायला लागले. बाबाही नाही म्हणायचे, पण ओळखीच्यांना त्यांच्या मते थोडं चालायचं. "तुझे बाबा देतात," असं एक काका चिडून म्हणाले आणि समोरच्या मेडिकलमध्ये गेले. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

आणि त्याच दिवसांत फोन सुरू झाले.

दुकानात कॅमेरा मीच बसवून घेतला होता. शाम्पूच्या बाटल्या कमी व्हायला लागल्या होत्या म्हणून. तो मोबाईलवर दिसतो, हेही मीच कधीतरी उत्साहाने बाबांना दाखवलं होतं. तेव्हा त्यांनी फार लक्ष दिलं नव्हतं. आता घरी उशीला टेकून, पाय लांब करून, ते दिवसभर मोबाईल समोर धरून बसायला लागले.

"पुढची स्ट्रिप दे, मागे नवा माल आहे."

"माहीत आहे, बाबा."

थोड्या वेळाने पुन्हा. "तो निळ्या शर्टवाला गेला का? काय न्यायला आला होता?"

"थर्मामीटर."

"मग दिला नाहीस?"

"त्याला काचेचाच हवा होता. नाही आपल्याकडे."

"अगो, त्याला समजावून डिजिटल द्यायचा असतो."

मी रॅक उतरवली त्या दिवशी फोन आला नाही. मला वाटलं, झोपले असतील. दुसऱ्या दिवशी आई आली ती आल्या आल्याच म्हणाली, "त्यांनी सांगितलंय, बाकीची रॅक तशीच ठेव. आल्यावर बघतो म्हणालेत." म्हणून आमच्या दुकानाची डावी बाजू अक्षरांप्रमाणे आणि उजवी कंपनीप्रमाणे अशी लागली. औषध शोधताना आधी आठवायला लागायचं, की आपण दुकानाच्या कुठल्या अर्ध्यात आहोत.

त्यानंतर माझी मान आखडायला लागली. कॅमेरा माझ्या डोक्याच्या मागे, पंख्याच्या बाजूला होता. वाकले की वाटायचं, दिसतंय. चहा प्यायले की वाटायचं, दिसतंय. एकदा एक स्ट्रिप माझ्या हातून खाली पडली. मी ती उचलली आणि फोन वाजायची वाट बघत उभी राहिले. फोन वाजला नाही. त्या न वाजलेल्या फोनचाच मला जास्त त्रास झाला.

एका सकाळी मी स्टुलावर चढून खोकल्याच्या औषधाचा रिकामा खोका कॅमेऱ्यावर अडकवला. दहा मिनिटांत आईचा मोबाईल वाजला. ती शेजारीच बसली होती.

"हो. हो, बघते," म्हणाली आणि ठेवला. वर बघितलं. खोका बघितला. मग माझ्याकडे.

"काढ तो."

"आई, मला श्वास घेता येत नाही गं."

तिने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "घरी ते काय करतात माहितेय का तुला? गिऱ्हाईक आलं की मला हाक मारतात. 'ही बघ, शुगरवाली आली. ही बघ, पोरगा आजारी आहे वाटतं हिचा.' टीव्ही लावत नाहीत. पेपर वाचत नाहीत. व्यायामवाली येते, तिला म्हणतात, थांबा, गिऱ्हाईक आहे."

मी स्टुलावर चढले. खोका काढला. राग गेला नव्हता, पण तो आता धड बाहेरही पडेना. आईने माझा रागही माझ्याजवळ धड ठेवू दिला नाही, असं काहीसं वाटलं.

त्याच सुमाराला माझ्या कॉलेजमधल्या मैत्रिणीचा फोन आला. ती पवईला एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे.

"ए, आमच्याकडे जागा निघतेय. तू येतेस का? शिफ्ट आहे, पण रविवार बहुतेक मिळतो. दोन बसमध्ये येशील."

"माझं नाव दुकानावर आहे गं."

"मग काढून घे ना यार. आयुष्यभर तिथेच सडणार आहेस का?"

सडणार हा शब्द तिने सहज वापरला. मी हसले. घरी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "तुला पाहिजे तर घे. मी काय, माझं काही नाही." त्याचं कधीच काही नसतं, तो चांगला माणूस आहे. मी एका दुपारी जाऊन भेटून आले. काचेच्या खिडक्या, मोठे फ्रीज, पांढरे कोट घातलेल्या मुली. तिथली इन्चार्ज बाई म्हणाली, "तुमचा अनुभव चांगला आहे. फक्त आधीच्या दुकानातून नाव कमी झाल्याचं लागेल. दोन ठिकाणी चालत नाही." मला ते ठाऊक होतं. परत येताना रिक्षात मी स्वतःला पांढऱ्या कोटात बघत होते. तिथे माझ्याकडे कपाटाची चावी असेल. ती माझ्या कोटाच्या खिशात असेल. एवढ्याशा गोष्टीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबा काठी घेऊन दुकानात यायला लागले, जुडगा पुन्हा त्यांच्या खिशात गेला, तेव्हा मी त्यांना सांगायचं ठरवलं. सकाळची गर्दी ओसरली होती. आई त्या दिवशी घरी होती. बाबा त्यांच्या खुर्चीत बसून डाव्या बाजूच्या रॅककडे टक लावून बघत होते. अक्षरांप्रमाणे लावलेल्या रॅकमध्ये त्यांना काही सापडत नव्हतं आणि ते तसं म्हणतही नव्हते.

"बाबा, पवईला हॉस्पिटलमध्ये नोकरी आहे. मला बोलावलंय. मी जाईन म्हणते."

"बरं," ते म्हणाले. मग, "आणि दुकान?"

"दुसरा फार्मासिस्ट मिळेल. जाहिरात देऊ. तोपर्यंत मी थांबते."

"म्हणजे तुझं नाव काढायचं."

"हो."

ते काठी टेकून उठले. मला वाटलं, बाहेर जातायत. कोपऱ्यातला शटरचा आकडा त्यांनी उचलला, दुकानाच्या तोंडाशी गेले आणि आकडा अडकवून शटर ओढलं. नव्या गुडघ्याने त्यांना ते जमू नये इतका जोर लागतो, पण जमलं. शटर धाडकन खाली आलं. आम्ही दोघंही आत.

"बाबा! काय करताय?"

"फार्मासिस्ट नाय तर विक्री बंद. कायदा आहे. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"मी आत्ता कुठे गेलेय? उभी आहे ना इथे!"

"जाणार म्हणालीस ना. मग बघ कसं दिसतं ते."

ट्यूबलाईट चालू होती तरी दुकान एकदम लहान झालं. फ्रीजची घरघर मोठी झाली. सकाळी उजेडात औषधांचा वास कधी जाणवत नाही, शटर खाली आलं की तो अंगावर येतो. मला माझी मान, माझे हात, भिंतीवरची ती मुलगी, सगळं एकदम जाणवायला लागलं. मी ओरडले. आयुष्यात बाबांवर इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते.

"मला माणूस म्हणून ठेवलंय की फ्रेम म्हणून? माझ्याशिवाय तुम्ही एक गोळी विकू शकत नाही आणि मला एक फळी हलवायची तर तुम्हाला विचारावं लागतं! आईला चाव्या दिल्यात. आईला! तिला काय कळतं त्यातलं?"

"तिला काय नाय कळत म्हणूनच दिल्या," बाबा म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढली, पाय जपून लांब केला आणि बसले. मग आवाज खाली आला, आणि तो खाली आला की त्यांची भाषा गावची होते.

"ती माका परत देतली ह्यां ठावक होतां. तू कित्याक देशील? तुझां बरोबरच आसा. एकदा तुझ्याकडे गेल्यार मग मी हंय येवन काय करतलंय?"

"कोण म्हणतं येऊ नका?"

"कोण म्हणना नाय. माझ्या बापाशीकय कोणी काय म्हणूक नव्हतां."

आजोबांचं मला फारसं आठवत नाही. बाबांनी तेव्हा सांगितलं ते पहिल्यांदाच. गिरणी बंद झाल्यावरही आजोबा रोज वेळेवर उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि चाळीच्या गॅलरीत येऊन उभे राहायचे. भोंगा वाजत नव्हता. दुपारी शर्ट काढून घडी करून ठेवायचे. कोणी घालवलं नव्हतं त्यांना, कोणी हसलंही नव्हतं. बाबा तेव्हा होलसेलरकडे लागले होते. त्यांना सकाळी त्या गॅलरीतून जाताना बापाकडे बघवायचं नाही, म्हणून ते मागच्या जिन्याने उतरायचे.

"मी मागच्या जिन्यान उतरलंय," बाबा म्हणाले. "तू पण उतारशीत. पोरां तशीच करतत. तुझो दोष नाय त्यात."

मला त्यांची दया आली आणि मला त्यांचा संतापही आला, कारण आता मी काहीही केलं तरी तो मागचा जिना ठरणार होता. ते हे मुद्दाम करत नव्हते. मुद्दाम केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

बाहेरून कोणीतरी शटर वाजवलं. "बंद हाय का?" बाईचा आवाज. "बीपीच्या गोळ्या संपल्यात."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाबांच्या तोंडून आपोआप निघालं, "चालू आहे, चालू आहे! दोन मिनिटं!"

ते उठायला लागले. मी म्हटलं, बसा तुम्ही. खाली वाकले, दोन्ही हात घातले आणि शटर वर ढकललं. उन्हात ती बाई रिकामी स्ट्रिप पुढे करून उभी होती. मी तिची चिठ्ठी बघितली, गोळ्या दिल्या. ती गेल्यावर बाबा म्हणाले, "काय पाहिजे तुला? सांग. नोकरी सोडून दुसरं काय, ते सांग."

मी फारसा विचार न करता म्हणाले, "भागीदारी. कागदावर. लायसन्सवर तुमच्याबरोबर माझं मालक म्हणून नाव."

आज मला वाटतं, तेव्हा मी दुसरंही काही मागू शकले असते.

बाबांनी हो म्हटलं. आणि दिलेला शब्द त्यांनी लगेच पाळला, कुठलाही सीझन मध्ये न आणता. याचंच मला आश्चर्य वाटत राहिलं. सीएकडे गेलो. भागीदारीचा करार झाला. आमच्या धंद्यात मालकीचं स्वरूप बदललं की जुनं लायसन्स पुढे चालत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. तो केला. गाळा आईच्या नावावर आहे, तिचं संमतीपत्र लागलं. आईने सही करताना पेन उचलून विचारलं, "म्हणजे आता ही कुठे जाणार नाही ना?" सीए हसून म्हणाला, "आता कुठे जाणार, मालकीण झाल्या." आईने सही केली.

औषध निरीक्षक तपासणीला आले. गाळ्याची लांबी-रुंदी बघितली, फ्रीजचं तापमान बघितलं, एक्स्पायरी झालेल्या मालाचा वेगळा खोका बघितला. मग विचारलं, "दुकानाची जबाबदारी कोणाची?"

"हिची," बाबा लगेच म्हणाले. "सगळं हीच बघते. मी फक्त बसतो."

निरीक्षकांनी छोट्या कपाटाकडे बोट केलं. "हे उघडा."

बाबांनी खिशात हात घातला. जुडगा काढला, त्यातून बरोबर चावी निवडली आणि स्वतः उठून कपाट उघडलं. निरीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. आतला साठा त्यांनी माझ्याकडून मोजून घेतला, तो बरोबर भरला.

पवईला मी येणार नाही असं कळवलं होतं. मैत्रीण फोनवर म्हणाली, "भागीदार? झकास! मग आता तू बॉस." मी हो म्हटलं. तिला कसं सांगणार, की आधी मी नुसती फार्मासिस्ट होते तेव्हा मला नाव काढून निघून जाता येत होतं. आता करार आहे, त्यात माझी सही आहे, आणि ती मी स्वतःच्या अक्षरात, हौसेने केलेली आहे.

काहीच बदललं नाही असं नाही. बाबा स्टॉकिस्टला फोन करण्याआधी आता मला विचारतात, आणि बहुतेक वेळा माझी ऑर्डर राहते. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, हे मी भांडून मिळवलं. उजवी बाजू मात्र अजून कंपनीप्रमाणेच आहे. ती लावायची तर बाबांना त्यांच्याच दुकानात गोळी सापडणार नाही, आणि त्यांचा तो चेहरा मी एकदा बघितलेला आहे. म्हणून मीच हात आवरते. त्यांनी मला अडवायची गरज उरलेली नाही.

नवं लायसन्स आलं, फ्रेम झाली, जुनीच्या जागी लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला दुकानाशी पोचले. शटर बंद. बाबा व्यायामाला गेले होते आणि तिकडून परस्पर येणार होते. मी पायरीवर रुमाल टाकून बसले. शेजारच्या सोसायटीतले एक आजोबा काठी टेकत आले, चिठ्ठी हातात.

"अजून उघडलं नाही?"

"येतायत बाबा. बसा ना, काका."

ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. वर पाटी नवीन केली होती, तिच्याकडे त्यांनी मान वर करून बघितलं. "तुझंही नाव लावलं म्हणे बाबांनी. बरं झालं. आजकाल कोण देतं?"

"हो, खरंच," मी म्हटलं.

ऊन पायरीवर यायला लागलं होतं. मी बाबांना फोन लावला. ते रिक्षात होते, मागे हॉर्न ऐकू येत होते.

"सिग्नलला आहे. कोण आलंय का?"

"एक जण आहे."

"काय पाहिजे विचारून ठेव," बाबा म्हणाले. "आल्यावर पटकन देऊ."

मी आजोबांच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि वाचायला लागले.